मदत हवी आहे: भाडेकरू ३१ला घर सोडतोय, मधल्या दिवसांच्या विजेचे पैसे कसे धरायचे?

आमचा ऐरोलीचा वन बीएचके ३१ तारखेला रिकामा होतोय. ३०ला शेवटची पाहणी आहे आणि त्याआधी वीज-पाण्याचा हिशेब मिटवा, असं भाडेकरूला सांगितलंय. मुलगा चांगला आहे, दोन वर्षांत भाडं कधी थकवलं नाही. त्यामुळे त्याच्यावर अन्याय नको, पण नंतर माझ्या गळ्यातही पडायला नको.

पाण्याचं सोपं आहे. सोसायटीचे दोन महिन्यांचे ६४० रुपये राहिलेत, ते तो भरतोय.

अडचण विजेची आहे. महावितरणच्या हातातल्या बिलात रीडिंग १२ तारखेपर्यंतचंच आहे, ४,८१२. ते बिल त्याने भरलं. काल, २४ला, मी मीटरचा फोटो काढला तर ४,९०८. म्हणजे १२ दिवसांत ९६ युनिट, रोजचे आठ. ३१पर्यंत साधारण १५२ होतील. शंभरापुढच्या युनिटला दर चढा लागतो, शिवाय स्थिर आकार असतोच. त्यामुळे मागच्या बिलाची सरासरी काढली तर चुकेल असं वाटतं.

तुम्ही अशा वेळी काय करता? किल्ली घेताना दोघांसमोर रीडिंग लिहून अंदाजे रक्कम डिपॉझिटमधून राखता, की पुढचं बिल येईपर्यंत थांबता? आणि पुढच्या बिलात नव्या भाडेकरूचे युनिट मिसळले तर वाटणी कशी करता?