‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’ कोळी: किरणोत्सारी की किरणबाधित?

उंबरठा
१९६२ च्या ऑगस्टमधली स्पायडर-मॅनची पहिली चित्रकथा मराठीत आणते आहे. अडलंय ते एका चौकटीवर. विज्ञान प्रदर्शनात किरणांचं प्रात्यक्षिक चाललंय, दोन यंत्रांच्या मधून झोत जातोय आणि वरून धाग्याला लोंबत एक कोळी नेमका त्या झोतात येतो. मरता मरता तो पीटर पार्करच्या हाताला चावतो. मी ‘किरणोत्सारी कोळी’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘किरणोत्सर्गी’ केलं आणि समासात लिहिलं, ‘किरणोत्सारी हा शब्दच नाही’. कोणता ठेवू?

निरुक्त
दोन्ही शब्द आहेत. उत्सर्ग ‘सृज्’ धातूचा, म्हणजे सोडणं. उत्सार ‘सृ’ धातूचा, म्हणजे बाहेर सारणं. अणू आपण होऊन किरण सोडतो, म्हणून मला किरणोत्सर्ग नेमका वाटतो. मात्र छापील मराठीत किरणोत्सारी भरपूर सापडेल. ‘शब्दच नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

गॅमा
व्याकरण बाजूला ठेवून चौकट पाहा. कोळ्यावर बाहेरून किरण पडले आहेत, तो स्वतः किरण सोडत नाही. क्ष-किरण किंवा गॅमा किरण अंगावरून गेले म्हणून शरीर किरणोत्सारी होत नाही. न्यूट्रॉनचा मारा झाला तर काही अणू तसे होतात, ती गोष्ट वेगळी. लेखकाने मूळ इंग्रजीतच हे दोन अर्थ एकत्र केले आहेत आणि तुम्ही तो घोळ इमानाने मराठीत आणता आहात.

सायलीची_आई
मग रेडिएशन घेऊन घरी आलेल्या माणसाजवळ लहान मुलांना जाऊ द्यावं का? आमच्या शेजारी यावरून वाद चालू आहे.

गॅमा
प्रश्न कोळ्याचा होता, पण तुमचं उदाहरण त्याला चपखल बसतं. बाहेरच्या यंत्राने किरण दिले असतील तर यंत्र बंद झालं की संपलं. त्या माणसाला जवळ घ्या, त्याच्या ताटात जेवा. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ पोटात दिलं असेल तर मात्र काही दिवस तो माणूस खरोखर किरण सोडत असतो. तेव्हा डॉक्टर सांगतील तितके दिवस मुलांना दूर ठेवायचं. पहिला माणूस म्हणजे आपला कोळी. दुसरा किरणोत्सारी.

सायलीची_आई
कळलं. पहिलाच प्रकार आहे. सांगते त्यांना.

उंबरठा
मग पहिल्यासाठी एकच शब्द हवा. ‘किरण लागलेला’ संवादाच्या फुग्यात मावतं, पण जोर येत नाही.

जुनी_रद्दी
शब्दापेक्षा मला कारण मोठं वाटतं. हिरोशिमा झालं आणि अमेरिकेच्या मनात अपराधीपणा बसला, त्यातून किरणांनी शक्ती मिळालेले हे सगळे नायक जन्मले. म्हणून ‘अणुबाधित’ म्हणा, सरळ.

कागदी_घोडा
हिरोशिमा १९४५, आणि ही लाट १९६१-६२ ची. मधली सोळा वर्षं कुठे गेली? दोन गोष्टी मध्ये घडल्या. पहिली १ मार्च १९५४ ची. बिकिनी बेटावरच्या चाचणीत स्फोट अंदाजाच्या अडीचपट निघाला आणि राख दूरवरच्या एका जपानी मासेमारी नौकेवरच्या तेवीस खलाशांच्या अंगावर पडली. त्यानंतर भीती बॉम्बपुरती उरली नाही, पावसाची आणि दुधाचीही वाटू लागली. त्या राखेतलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० अंगात किती मुरलंय हे पाहायला अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करत होते. म्हणजे न दिसणारी, कुणालाही नकळत लागणारी गोष्ट वाचकांच्या घरात आधीच पोचली होती. चित्रकथेने ती फक्त उचलली.

दुसरी गोष्टही १९५४ चीच, आणि माझ्या मते तीच मोठी. अमेरिकी चित्रकथांच्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. चालती प्रेतं, रक्तपिपासू, चंद्रावर लांडगा होणारी माणसं, सगळ्यांवर बंदी. आता १९६२ चा हल्क पाहा. वाळवंटात गॅमा बॉम्बची चाचणी आहे, एक पोरगा मैदानात शिरलाय. शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर उलटी मोजणी थांबवायला सांगून धावतो, पोराला चरात ढकलतो, पण सहकारी मुद्दाम मोजणी थांबवत नाही. बॅनर उघड्यावर सापडतो. आणि त्या पहिल्या अंकात तो हल्क कधी होतो? रागावल्यावर नव्हे. रात्र पडली की. हा लांडगामाणूसच आहे, फक्त चंद्राच्या जागी गॅमा किरण आले.

निरुक्त
मग शब्द आपल्याकडे तयार आहे की! भूतबाधा, विषबाधा, तशी किरणबाधा. किरणबाधित कोळी. न दिसणारं काहीतरी बाहेरून लागतं आणि माणूस पालटतो. तुम्ही म्हणता ती जागाच या शब्दात आहे.

गॅमा
भौतिकीच्या अंगाने मला चालेल. बाधा लागलेला माणूस दुसऱ्याला लागत नाही.

शुद्धमती
मला अजिबात चालणार नाही. ‘प्रारण’ हा रेडिएशनला रूढ पारिभाषिक शब्द असताना प्रत्येकाने आपापला का पाडायचा? प्रारित कोळी म्हणा. आणि बाधेतून अपाय होतो, शक्ती मिळत नाही.

गॅमा
खऱ्या प्रयोगशाळेत अपायच होतो. २१ मे १९४६, अमेरिकेची लॉस अलामॉसची अणुबॉम्ब प्रयोगशाळा. लुई स्लोटिन हा शास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्यावर बेरिलियमची अर्धी वाटी हाताने उतरवत होता. वाटी पूर्ण बसली की साखळी प्रक्रिया आवरत नाही, म्हणून फट राखायला ठरलेल्या पट्ट्या घालायच्या असतात. त्याने त्या काढल्या होत्या, फट राखली होती स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर. टोक निसटलं, वाटी बसली, निळसर चमक दिसली. त्याने झटक्यात वाटी उडवली, पण तेवढ्यात डोस मिळून गेला होता. लवकरच उलटी, हात सुजून फोड, नवव्या दिवशी मृत्यू. खोलीतले बाकीचे सात जण त्या दिवसांतून वाचले. चित्रकथेने यातली चमक ठेवली आणि पुढचे नऊ दिवस काढून टाकले.

उंबरठा
पण मग चमत्कार किरणांनीच का? औषधही चाललं असतं.

कागदी_घोडा
औषध कुणीतरी मुद्दाम देतं. १९४१ च्या कॅप्टन अमेरिकाला सरकारने निवडून सुई टोचली, म्हणजे तो आधीच लायक ठरला. अपघाताने मिळालेल्या शक्तीला निवड लागत नाही. पीटर तिथे निव्वळ बघायला गेलेला शाळकरी पोरगा. शिवाय ती गोष्ट अकरा पानांची. शक्ती कुठून आली यावर दोन-तीन पानं खर्चली की काकांचा मृत्यू, पश्चात्ताप यांना जागा उरते. किरणांना एक चौकट पुरते आणि वाचक ‘कसं?’ विचारत नाही.

जुनी_रद्दी
पण प्रयोगशाळेतला अपघात बॉम्बच्या आधीचाही आहे. १९४० चा फ्लॅश! रात्री उपकरण पडतं आणि जड पाण्याची वाफ नाकात जाते. हिरोशिमाबद्दलचं माझं म्हणणं एवढ्यापुरतं मागे घेतो.

कागदी_घोडा
हे बरोबर. अपघात जुनाच, १९६० नंतर बाटलीच्या जागी किरण आले. फक्त मूळ अंकात पाणी ‘हार्ड’ आहे, ‘हेवी’ नाही. नंतरच्या कथनांत बदललं.

निरुक्त
मराठीत दोन्ही जड पाणीच! बोअरचं, ज्यात साबणाला फेस येत नाही तेही, आणि अणुभट्टीतलंही.

शुद्धमती
नाही. बोअरचं ते दुष्फेन.

जुनी_रद्दी
दुष्फेन पाठ्यपुस्तकात. नळावर उभं राहून कोण म्हणतं?

उंबरठा
सध्या ‘किरणबाधित’ लिहून पाठवलंय. आता समासात काय येतं ते बघायचं.

शुद्धमती
प्रारित.