मदत हवी आहे: वेतनवाढीच्या करारात लागू तारीख आणि फरकाचं कलम कसं लिहावं?

टूलरूमवाला: आमच्या इंजिनिअरिंग कारखान्याचा वाढीचा करार डिसेंबर 2024 मध्ये सहीला येतोय. ठरलंय असं: तीन वर्षांत 6,000 रुपये वाढ, पहिल्या वर्षी 3,000, मग 1,800, मग 1,200. पहिल्या 3,000 पैकी 1,500 बेसिकमध्ये. लागू तारीख 1 एप्रिल 2024. मसुद्यात मात्र लिहिलंय, 'सहीच्या दिवशी पटावर असलेल्या कामगारांना कंपनीच्या धोरणानुसार फरक दिला जाईल.' आमचे एक काका 26 वर्षं काम करून 31 जुलैला निवृत्त झाले. त्यांना काय मिळणार?

शिफ्ट_बी: काही नाही. सहीच्या दिवशी पटावर नाही म्हणजे हक्क नाही, कायदाच तसा आहे.

जुना_सेक्रेटरी: कायदा तसं म्हणत नाही, तुमचा मसुदा म्हणतोय. करारात तारीखच नसेल तर सहीचा दिवस धरतात. इथे 1 एप्रिल दिली आहे आणि पुढच्याच शब्दांनी ती काकांपुरती काढून घेतली आहे. चार महिन्यांचा फरक 12,000 होतो. पण खरा पैसा ग्रॅच्युइटीत आहे: बेसिकची वाढ 1,500, त्याला 15 भागिले 26, गुणिले 26 वर्षं. 22,500 रुपये! म्हणून असं लिहा: 'दि. 1 एप्रिल 2024 रोजी पटावर असलेल्या आणि त्यानंतर निवृत्त, मयत किंवा राजीनामा दिलेल्या कामगारांना शेवटच्या दिवसापर्यंतचा फरक मिळेल, आणि त्यांची ग्रॅच्युइटी सुधारित बेसिकवर पुन्हा काढली जाईल.' 'धोरणानुसार' खोडा. तिथे दिवस घाला, सहीपासून 30 दिवस वगैरे.

पॅकिंग_लाइन: आम्हाला बोनस 8.33 टक्केच दिला, तोही उशिरा. फरकावर बोनस मागता येतो का?

जुना_सेक्रेटरी: त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

पगारपत्रक: मी पगार विभागात आहे. 3,000 ही वाढ ग्रॉसची की सीटीसीची, ते लिहिलंय का? सीटीसी असेल तर 1,500 वर मालकाचा 12 टक्के पीएफ, म्हणजे 180 रुपये, याच 3,000 मधून जातात. पहिल्या पगारपत्रकावरच भांडण होतं. कराराला एक तक्ता जोडा: एका कामगाराचा मार्चचा पगार, एप्रिलचा पगार, ओळीनं.

टूलरूमवाला: मसुद्यात नुसतं 'एकूण वाढ' आहे. उद्याच विचारतो. एप्रिल ते नोव्हेंबरच्या ओव्हरटाइमचं काय? तो नव्या दरानं परत काढायचा ना?

पगारपत्रक: आमच्याकडे काढला होता, पण करारात तसं वाक्य होतं.

जुना_सेक्रेटरी: आम्हाला 2012 मध्ये नाही मिळाला, कारण लिहायचं राहिलं. मागा, पण त्यासाठी काकांचं कलम सोडू नका. आणि सही सहायक कामगार आयुक्तांपुढे समेटात करा. आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. तुमच्याकडे दुसरी युनियन आहे का?

टूलरूमवाला: आहे, चाळीसएक सभासद आहेत. व्यवस्थापन आयुक्तांकडे यायला तयार नाही.