मदत हवी आहे: नवरा बोटीवर, मी नाशिकला, दोघांचा एकत्र फोटो कसा जुळवू?

कैरीचं_लोणचं: डिसेंबरात आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे आणि नवरा फेब्रुवारीपर्यंत मालवाहू जहाजावर. गुहागरच्या किनाऱ्याचा मी काढलेला एक रिकामा फोटो आहे: डावीकडे फ्रेमबाहेर सूर्य, समोर समुद्र, वाळूवर एका खांबाची लांब सावली. त्यात आम्हा दोघांना उभं करून १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढायची आहे. त्याचा फोटो भर दुपारचा आहे, डेकवरचा. माझा गच्चीवरचा, ढगाळ दिवसातला. GIMP मध्ये दोघांना कापून ठेवलं, पण स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतंय. कुठे चुकतंय?

बंड्या_पुणेकर: सोप्पंय. ज्याच्यावर उजेड उलट्या बाजूने आहे त्याचा फोटो आडवा फ्लिप करा आणि दोघांवर एकच फिल्टर मारा. काम झालं.

उन्हाची_तिरीप: बंड्या, बाजू बदलते हे खरं, पण साडी असेल तर पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि सासूबाई पहिल्यांदा तेच बघतील! शिवाय ढगाळ उजेडाला बाजूच नसते, फ्लिप करून काय मिळणार? दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली पडलेली काळी सावलीही फिल्टरने जात नाही.

ताई, दोघांचेही फोटो नव्याने काढा. आधी सांगा, खांबाची सावली खांबाच्या मानाने केवढी आहे, कुठे पडते, आणि फोटो उभ्याने काढला होता का?

कैरीचं_लोणचं: सावली साधारण दुप्पट. कॅमेऱ्याकडे येते, जराशी उजवीकडे. सपाट वाळूवर उभी राहून, फोन डोळ्यांसमोर धरून काढला. माझी उंची ५ फूट २, त्याची ५ फूट ९.

उन्हाची_तिरीप: मग बरंचसं ठरलंच. सूर्य तुमच्या मागे, डावीकडे. सावली दुप्पट म्हणजे डिसेंबरात आपल्याकडे सूर्यास्ताच्या आधी सुमारे दोन तास. पण जहाज कुठे असेल कोण जाणे, म्हणून त्यांना घड्याळ बघायला लावू नका, सावली बघायला सांगा. स्वतःची सावली उंचीच्या दुप्पट झाली, फोनच्या दिशेने आणि किंचित उजवीकडे पडली, की क्लिक. केसांच्या आणि खांद्याच्या डाव्या कडेला ऊन, चेहऱ्यावर आकाशाचा मऊ उजेड, असं दिसायला हवं. तुम्हीही तेच करा.

दुसरी गोष्ट फोनची उंची. गुहागरला तो जमिनीपासून साधारण ४ फूट १० इंचांवर होता. सपाट जागेवर क्षितिजाची रेघ प्रत्येकाला त्याच उंचीवर छेदते, माणूस जवळ असो की लांब. म्हणजे ती तुमच्या डोळ्यांतून आणि त्यांच्या खांद्याच्या जरा वरून गेली पाहिजे. ती तुमच्या छातीतून जात असेल तर तुम्ही खड्ड्यात तरी उभ्या आहात किंवा आकार चुकलाय. दोन्ही फोटो त्याच उंचीवरून, सारख्याच अंतरावरून, १x वर काढा. सेल्फी नको, पोर्ट्रेट मोडही नको. तो केसांच्या कडा खाऊन टाकतो.

निवृत्त_मास्तर: माझ्याकडे आईवडिलांचे दोन वेगवेगळे जुने फोटो आहेत, कृष्णधवल. एकत्र करून भिंतीवर लावायचे आहेत. हे क्षितिज त्यालाही लागेल का?

उन्हाची_तिरीप: मास्तर, स्टुडिओतले असतील तर क्षितिजाचा प्रश्नच नाही, पण नाकाची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कैरीचं_लोणचं: आणि उभं कसं राहायचं? मला त्याचा हात माझ्या खांद्यावर हवाय.

गलबत: मी बोटीवर होतो, म्हणून सांगतो. तुमच्या उंचीचा एखादा कॅडेट शेजारी उभा करा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावा. हवेत धरलेला हात लगेच ओळखू येतो. पाठीमागे मोकळा समुद्र असेल असं बघा, म्हणजे केसांच्या कडांना रेलिंगचा रंग चिकटणार नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर प्रिंटपुरते पिक्सेल उरणार नाहीत.

उन्हाची_तिरीप: कॅडेटची कल्पना झकास! तरी मी खांद्यावरचा हात टाळेन. बोटांखाली कापड दबतं, चुण्या पडतात, बोटांची सावली पडते. ते सगळं रंगवावं लागतं. त्यापेक्षा तुम्ही अर्धं पाऊल पुढे राहा, तुमचा खांदा त्यांच्या छातीवर येऊ द्या, त्यांचा हात तुमच्या पाठीमागे लपेल.

जोडताना ते १५०० पिक्सेल उंच असतील तर तुम्ही साधारण १३५० ठेवा. सगळ्यात वर एक तात्पुरता कृष्णधवल थर टाकून आधी उजेड-अंधार जुळवा, रंग नंतर. पावलांखालची सावली Multiply थरावर, टाचेशी गडद आणि लांब जाईल तशी पुसट.

गलबत: हात लपवला तर शाळेचा ग्रूप फोटो वाटेल हो. मी तर हातच ठेवायला सांगेन. तुमच्या खांद्यावरही कुणाचा तरी खरा हात ठेवून फोटो काढा, चुण्या आपोआप येतील.

कैरीचं_लोणचं: नणंदेला उभं करते, दोन्ही प्रकार काढून बघते. कॅडेट मिळालाय, पण ५ फूट ६ चा आहे. त्याला किती वाकायला सांगू?