कोटेशनच्या चॅटमध्ये ‘फायनल’ नक्की काय झालंय? आगाऊ रक्कम भरण्याआधी सल्ला हवा

मृदुला_क
5,000 छापील खोकी बनवून घ्यायची आहेत. साधा चार पाकळ्यांचा खोका, 3 प्लाय, दोन रंगांत छपाई. सगळं धरून 60,000 च्या वर जायचं नाही. (चलन मुद्दाम लिहीत नाही, प्रमाण कळलं की पुरे.) पुरवठादाराशी सगळं बोलणं चॅटवर झालंय, ते जसंच्या तसं देते:

मी: 5,000 खोक्यांचा दर काय?
तो: 10 पडेल.
मी: पोच धरून ना?
तो: 10 दिवसांत देतो मॅडम.
मी: प्लेट आणि डायचे वेगळे लागतात का?
तो: त्याची काळजी करू नका.
(फोन, 14 मिनिटं)
मी: मग फोनवर ठरलं तसं 10 फायनल?
तो: (अंगठा)
तो: (पीडीएफ)
तो: (संदेश काढून टाकलेला)

पीडीएफमध्ये आहे: 5,000 नग, दर 10, प्लेट 1,500 प्रति रंग, डाय 4,000. तळाला बारीक अक्षरांत ‘एक्स-वर्क्स, कर वेगळा, नग ±10 टक्के, दर 7 दिवस ग्राह्य’. फोनवर मात्र ‘10 मध्ये सगळं आलं’ असं तो म्हणाला होता. उद्या 50 टक्के आगाऊ भरायचे आहेत. भरू का?

अण्णा_56
3 प्लाय घेऊच नका. 5 प्लाय घ्या. एकावर एक थर लावले की 3 प्लायचे खालचे खोके बसतात. आम्ही कायम 5 प्लायच वापरतो, आजवर एक तक्रार नाही. थोडे जास्त जातील, पण माल सुरक्षित राहतो.

मृदुला_क
अण्णा, आतला माल हलका आहे, 3 प्लाय पुरतं. प्रश्न चॅटचा आहे.

ओळीगणिक
मृदुलाताई, चॅट वरून खाली वाचू नका. जोड्या लावून वाचा. तुमचा प्रत्येक प्रश्न घ्या आणि त्याखालच्या उत्तरात आकडा, ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी काही आहे का ते बघा. तिन्हींतलं काहीच नसेल, तर तो प्रश्न अजून उघडाच आहे असं धरा.

तुम्ही विचारलंत ‘पोच धरून ना?’ त्यानं सांगितलं ‘10 दिवसांत देतो’. तुम्ही खर्च विचारलात, त्यानं वेळ सांगितली. वाचताना ‘देतो’ या शब्दानं फसायला होतं, पण कुठे देतो आणि कुणाच्या खर्चानं देतो हे त्यात नाही. ते पीडीएफमध्ये आहे. एक्स-वर्क्स म्हणजे माल त्याच्या कारखान्यात तयार ठेवला की त्याची जबाबदारी संपली. गाडीत चढवण्यापासून पुढचं सगळं तुमच्याकडे. म्हणजे वाहतूक तुमची, हमाली तुमची, वाटेत भिजलं तर नुकसानही तुमचं.

‘काळजी करू नका’ हेही उत्तर नाही. नंतर बिल आलं की तो म्हणेल, पीडीएफमध्ये दिलेलं होतंच. ते खरंही असेल.

आता हिशेब. 5,000 नगांचे 50,000. दोन रंगांच्या दोन प्लेटा, 3,000. डाय 4,000. झाले 57,000. म्हणजे खोका 10 ला नाही, 11.40 ला पडला, आणि कर व वाहतूक यायची आहे. शिवाय ±10 टक्क्यांमुळे तो 5,500 नग बनवून सगळ्यांचं बिल लावू शकतो. मग 55,000 आणि 7,000 मिळून 62,000. कर आणि वाहतूक लागण्याआधीच तुमचं 60,000 ओलांडलं.

उलटं झालं, 4,500 च नग आले, तर 52,000 होतात. रक्कम कमी दिसते, पण प्लेट-डायचे पैसे तेवढेच राहतात, म्हणून नग साधारण 11.55 ला पडतो.

विवेक_रा
±10 टक्के म्हणजे सरळ लूट आहे. 5,000 सांगितले तर 5,000 च द्यायला हवेत. ही अट मान्यच करू नका.

पुठ्ठाकाम
विवेक, लूट नाही ती. यंत्र लावताना सुरुवातीचे पुठ्ठे वाया जातात, छपाईचे रंग जुळेपर्यंत आणखी काही जातात, मग जुळवणीत काही फाटतात. शेवटी किती उरतील हे आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून थोडे जास्तच सोडतात. छापील मालात ही सूट सगळीकडे मागतात. 5 टक्क्यांवर आणता येते, शून्यावर सहसा कुणी येत नाही. ‘कमी चालतील, पण जास्तीचे पैसे देणार नाही’ अशी एकतर्फी अटही मागता येते. मात्र त्यासाठी तो दर थोडा वाढवू शकतो.

एक गोष्ट कुणीच विचारली नाही. चार पाकळ्यांच्या साध्या खोक्याला डाय कशाला? तो स्लॉटर यंत्रावर कापला आणि घडी पाडला जातो. डाय लागते ती आपोआप लॉक होणाऱ्या झाकणाला, खिडकीला, हात घालायच्या भोकाला. ताई, तुमच्या खोक्याला यातलं काही आहे का?

मृदुला_क
नाही. सरळ चार पाकळ्या, वरून टेप.

पुठ्ठाकाम
मग ते 4,000 कशाचे ते विचारा. त्याच्याकडे स्लॉटर नसेल तर तो डायवर पंच करत असेल, तेही शक्य आहे. पण ती त्याची सोय झाली. तरीही पैसे घेणार असेल, तर डाय कुणाच्या मालकीची हे लिहून घ्या. प्लेटांचंही तसंच. पुढच्या ऑर्डरला प्लेटचे पैसे परत लागणार नाहीत हे आत्ताच लिहिलेलं नसेल, तर पुढच्या वेळी ते परत लागतात.

स्वरूपा
चॅटवरचं काहीच लेखी धरत नाहीत. शिक्का-सही असलेलं पत्र नसेल तर ते तोंडीच. आगाऊ भरू नका.

नोंदवही
स्वरूपा, ते तितकं सरळ नाही. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात 2023 मध्ये जवसाच्या खरेदीचा वाद न्यायालयात गेला. खरेदीदारानं कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला, शेतकऱ्यानं नुसता अंगठा पाठवला. न्यायालयानं तो अंगठा संमती म्हणून धरला आणि भरपाई द्यायला लावली. त्यामुळे चॅट म्हणजे तोंडीच, असं म्हणून चालणार नाही.

स्वरूपा
मग मृदुलाला आलेला अंगठाही धरला जाईल की. 10 फायनल म्हणजे 10 फायनल!

ओळीगणिक
अंगठा कशाला आहे ते बघा. त्या जवसाच्या प्रकरणात अंगठ्याच्या वर पूर्ण करार होता, आणि त्या दोघांचे आधीचे व्यवहारही असेच एक-दोन शब्दांच्या होकारावर पार पडले होते. इथे अंगठ्याच्या वर काय आहे? ‘फोनवर ठरलं तसं’. ठरलं काय, ते चॅटमध्ये कुठेच नाही. 14 मिनिटांत जे बोलणं झालं ते दोघांच्या आठवणीत आहे, आणि त्या आठवणी जुळतीलच असं नाही. 10 फायनल म्हणजे नगाचा दर 10, एवढंच त्यातून सिद्ध होतं, आणि ते पीडीएफही सांगते.

त्यात पीडीएफ अंगठ्यानंतर आली. तुम्ही तिच्यावर काही न बोलता आगाऊ भरलेत, तर पीडीएफ मान्य केली असं तो म्हणू शकेल. म्हणून भरण्याआधी बोला, भरल्यावर नव्हे.

अण्णा_56
आणि कागद किती ग्रॅमचा आहे ते विचारलंत का? 3 प्लाय म्हणजे दोन बाजूंचे कागद आणि मधला नागमोडी कागद. ‘3 प्लाय’ एवढंच लिहिलं तर तो हलका कागद लावेल. 120 सांगून 100 लावतात. म्हणून म्हणतो 5 प्लाय घ्या.

पुठ्ठाकाम
5 प्लाय सोडा, पण अण्णांचा कागदाचा मुद्दा बरोबर आहे. तिन्ही थरांचे ग्रॅम वेगवेगळे लिहून घ्या. माप आतलं की बाहेरचं तेही.

विवेक_रा
तो काढून टाकलेला संदेश काय होता? मला तिथेच काळंबेरं वाटतंय. दुसरा पुरवठादार बघा.

नोंदवही
तो आता परत मिळणार नाही, त्याच्या मागे लागू नका. ‘तुमचा एक संदेश काढलेला दिसतोय, त्यात दराबद्दल काही होतं का?’ एवढं विचारा, म्हणजे नोंद राहील. अंगठा तुमच्या संदेशावरच दाबलेला असेल तर तोही नंतर काढता येतो. म्हणून शब्दांत उत्तर मागा. आणि आजच चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

ओळीगणिक
एकच संदेश पाठवा. सहा तुकड्यांत पाठवलात तर तो सोप्या तुकड्याला उत्तर देईल आणि बाकीचे राहतील. साधारण असा:

‘5,000 नग, दर 10. प्लेट 3,000, एकदाच, पुढच्या ऑर्डरला नाही. साधा खोका असल्यानं डायचे पैसे नाहीत. 5,000 च्या वरच्या नगांचे पैसे नाहीत. वाहतूक माझ्या पत्त्यापर्यंत ____. कर ____ टक्के, कशाकशावर ____. 10 दिवस ____ पासून. तिन्ही थरांचे ग्रॅम ____. फोनवरचं आणि पीडीएफमधलं याच्याशी जुळत नसेल तर हे धरायचं. मान्य असेल तर ‘मान्य’ लिहा आणि सुधारित पीडीएफ पाठवा.’

रिकाम्या जागा त्यानंच भरायच्या. 10 दिवसांची जागा विसरू नका. आगाऊ भरल्यापासून की नमुना छपाई मंजूर केल्यापासून, यात आठवडा सहज जातो.

मृदुला_क
पाठवला. उत्तर: ‘डाय काढली. प्लेट एकदाच, मान्य. 10 दिवस नमुना मंजूर झाल्यापासून. ग्रॅम 120/100/120. वाहतूक तुम्ही बघा. कर बिलावर येईल. ±10 राहील, त्यात बदल नाही.’ काढलेल्या संदेशाबद्दल काही बोलला नाही.

ओळीगणिक
कराची टक्केवारी अजून आलेली नाही. ‘बिलावर येईल’ हेही पुन्हा तेच, वेळ सांगितली, आकडा नाही. तो आणि वाहतुकीचा आकडा येईपर्यंत भरू नका.

विवेक_रा
मी तर म्हणतो रद्दच करा.

मृदुला_क
मी वेगळं करायचं ठरवतेय. मला खरं तर 4,000 खोकी पुरतात, 5,000 गोल आकडा म्हणून सांगितला होता. 4,500 ची ऑर्डर दिली तर त्याच्या ±10 मध्ये जास्तीत जास्त 4,950 येतील, म्हणजे 49,500 आणि प्लेटचे 3,000 मिळून 52,500. कमीत कमी 4,050, तेही चालतील. कर आणि टेम्पोला 7,500 उरतात. उद्या भरते.

पुठ्ठाकाम
थांबा, 10 चा दर 5,000 नगांसाठी होता. 4,500 ला तोच राहील असं त्यानं कुठे लिहिलंय?

मृदुला_क
फोनवर विचारलं, हो म्हणाला.

ओळीगणिक
ताई, चॅटवर विचारा.