अनुभव धागा: इंटर्नशिपचे शेवटचे आठवडे आणि हातात आलेली नोकरी

मृदुला_चिंचवड

सकाळी भाच्याचा फोन. चाकणला इंटर्न आहे, सात आठवडे उरलेत. "मावशी, शेवटचं प्रेझेंटेशन कसं करू म्हणजे मला ठेवून घेतील?" मी म्हटलं, अरे आधी सांग, रिजेक्शनचा कागद कोण भरतं तुमच्याकडे? तो गप्प. आणि मला 2016 चा मे महिना आठवला.

मी शेवटच्या सेमिस्टरची, एका कास्टिंग मशिनिंगच्या प्लांटमध्ये क्वालिटीत. चार महिने नुसती गेजच्या कॅलिब्रेशनची रजिस्टरं भरली. एका लाइनवर पीसमध्ये 40 मिमीचा बोअर, म्हणजे गोल भोक होतं, एच7 मापाचं, म्हणजे सगळी सूट 25 मायक्रॉनची. रोज सात-आठ पीस बोअर मोठा झाला म्हणून भंगारात. लहान राहिला तर परत कापता येतो, मोठा झाला की संपलं. हे वर्षानुवर्षं चाललेलं. टूल बदला, ऑपरेटर बदला, सगळं करून झालेलं.

रिजेक्शनच्या कागदावर फक्त शिफ्टचा एकूण आकडा असायचा, वेळ नसायची. मी पेनाने एक रकाना वाढवला आणि मशीनवरच्या काकांना विनंती केली, पीस फेकताना घड्याळ बघून तेवढी वेळ टाका. पहिले दोन दिवस विसरले. मग मीच चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले, तेव्हा लिहायला लागले. बारा दिवसांत पहिल्या शिफ्टचे 91 पीस गेले. त्यातले 63 दोनच वेळांना: सकाळी 7:20 ते 8:15 आणि दुपारी 11:50 ते 12:30. शिफ्ट 7 ला सुरू, जेवण 11 ते 11:30.

मी मशीनपाशी उभी राहिले तेव्हा दिसलं. जेवणाच्या अर्ध्या तासात मशीन थंड व्हायचं, आल्यावर पहिले पीस 10-12 मायक्रॉन लहान यायचे. काका इमानदारीने ऑफसेट द्यायचे, म्हणजे टूल तेवढं सरकवून बोअर मोठा करायचे. अर्ध्या तासात मशीन परत तापायचं, बॉलस्क्रू वाढायचा, आणि तो दिलेला ऑफसेट वर बसायचा. बोअर मोठा, पीस भंगार. म्हणजे काका चूक दुरुस्त करत होते आणि त्या दुरुस्तीनेच पीस जात होते. त्यांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हात लावला नसता तरी चाललं असतं?" जवळजवळ तसंच, फक्त ते पहिले लहान पीस रीवर्कला गेले असते.

उपाय साधा होता. काम सुरू करण्याआधी बारा मिनिटं पीस न लावता, दार बंद करून स्पिंडल आणि दोन्ही अक्ष फिरवायचे, आणि पहिल्या पाच पीसवर ऑफसेट द्यायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन फिरणार म्हणून मेंटेनन्सने नाही म्हटलं, माणूस समोर हवा. आठवडा त्यातच गेला. शेवटी सेटरने जेवण बारा मिनिटं आधी उरकायचं ठरलं. पुढच्या दहा दिवसांत 22 पीस गेले.

तुमचेही अनुभव लिहा. शेवटच्या दिवसांत नेमकं काय केलंत ज्याने काम झालं, किंवा नाही झालं.

---

सॅमी_पुणेरी

मस्त. पण मला तरी हे टूलच्या इन्सर्टच्या झिजेचं वाटतंय, आमच्याकडे नेहमी तेच निघतं. कूलंटचं प्रमाणही बघायला हवं होतं.

मृदुला_चिंचवड

इन्सर्ट झिजला की बोअर हळूहळू लहान होत जातो, एकाच दिशेने. हा खाली-वर-खाली जायचा आणि घड्याळ धरून जायचा. कूलंटचं मी बघितलं नव्हतं, खरंच. थोडा हात असेल त्याचाही.

देशपांडे_काका

33 वर्षं टूलरूम आणि स्टँडर्ड रूम केली आहे, म्हणून एक विचारतो. पीस मोजताना गार करत होतीस का? माप 20 अंशांचं धरलेलं असतं. 40 चा पीस दहा अंश गरम असला तर मापच 4-5 मायक्रॉन जास्त दाखवतं. 25 मधले 5 म्हणजे चेष्टा नाही. तुझ्या 63 मधले काही पीस चांगले असून फेकले गेले असतील.

मृदुला_चिंचवड

काका, सुरुवातीला नव्हते करत. नंतर वेळ असेल तेव्हा सरफेस प्लेटवर ठेवून मोजायचे, पण सगळे नाही. तुमचं म्हणणं मान्य, त्यातला वाटा वेगळा काढताच आला नाही.

देशपांडे_काका

हरकत नाही. आणि जून उजाडला, हवा गार झाली, म्हणून आकडा कमी झाला असं कोणी म्हटलं नाही?

मृदुला_चिंचवड

अगदी हेच माझ्या साहेबांनी विचारलं! म्हणाले, "बंद करून बघ." मला रडू यायचं बाकी होतं, चालू झालेलं चांगलं काम बंद करायचं. पण तीन दिवस जुन्या पद्धतीने चालवलं आणि 21 पीस गेले. त्यानंतर कोणी पावसाचं नाव काढलं नाही. माझ्या मते मला जागा मिळाली ती या तीन दिवसांमुळे.

वैदेही_ना

कुकर लावलाय, पटकन लिहिते. मी हिंजवडीत, 2019. रोज रात्री चालणारं रिपोर्टचं काम महिनाअखेरीला पडायचं आणि कोणीतरी सीनियर रात्री दोनला उठून हाताने परत चालवायचा. मी शेवटच्या तीन आठवड्यांत मागचे सगळे पडलेले लॉग काढून एका ओळीत एक असे मांडले. दोन वेगळी कारणं निघाली. एक मी दुरुस्त केलं. दुसरं झेपलं नाही, म्हणून ते पडल्यावर काय काय करायचं ते पायऱ्यांनी लिहून ठेवलं. एक सीनियर म्हणाला, त्या लिहिलेल्या पानामुळे बायको माझ्याशी बोलायला लागली. मॅनेजरकडे त्यानेच शब्द टाकला माझ्यासाठी. शिट्टी झाली, येते.

राहुल_लातूर

माझा प्रश्न जरा वेगळा. मी शिकाऊ उमेदवार आहे, वर्ष पुरं होतंय. कायद्याने घ्यावंच लागतं ना कंपनीला? मित्र म्हणतो घ्यावं लागतं.

अॅड_सु_कुलकर्णी

राहुल, नाही. अप्रेंटिसेस ॲक्ट 1961 चं कलम 22 बघ. 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक कंपनीने शिकाऊ उमेदवारांना घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवायचं आहे, पण प्रत्येकाला घ्यायलाच हवं असं नाही. तुझ्या करारात नोकरीची अट लिहिली असेल तर गोष्ट वेगळी. करार काढून वाच आणि एचआरकडे ते धोरण लेखी माग.

राहुल_लातूर

धन्यवाद मॅडम. करार घरी आहे, आईला फोटो पाठवायला सांगतो.

एचआरवाली_नाशिक

मला थोडं टोचेल असं लिहायचंय. आमच्याकडे एमबीएच्या मुलांचा दोन महिन्यांचा उन्हाळी प्रोजेक्ट असतो. कोणाला पीपीओ, म्हणजे शिक्षण संपायच्या आधीच नोकरीची ऑफर, द्यायचा हे शेवटच्या आठवड्याआधीच ठरलेलं असतं, प्रेझेंटेशन हा उपचार. आणि जागाच मंजूर नसेल तर काम कितीही छान असो, मी काही करू शकत नाही. मृदुला, तुझ्या वेळी जागा होती का आधीपासून?

मृदुला_चिंचवड

नव्हती. हे लिहायचं राहिलंच. बारा दिवसांचा कागद हातात आल्यावर, पाच आठवडे बाकी असताना, साहेबांना सरळ विचारलं, "सर, मला इथे राहायचंय. जागा आहे का, आणि कधी ठरतं?" ते म्हणाले, जागा नाही, पण नवीन माणसाची मागणी जूनअखेर एचआरकडे जाते. तोपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. माझा शेवटचा दिवस 30 जून. उपाय जुलैत सिद्ध झाला असता तर माझं नाव कशावरच नसतं. म्हणून मेंटेनन्सच्या त्या आठवड्यात मी रोज त्यांच्या दारात उभी असायचे.

पैशाचा हिशेबही तेव्हाच केला. रोजचे साडेसातच्या जागी दोन-सव्वादोन पीस, म्हणजे महिन्याच्या 25 दिवसांत साधारण 135 पीस वाचले. मी ग्राहकाच्या विक्रीच्या किमतीने गुणलं होतं. अकाउंट्सच्या मॅडमनी ते खोडलं, म्हणाल्या त्या टप्प्यापर्यंत आपला खर्च 340 रुपयेच झालाय. आकडा 45,000 च्या आसपास आला, माझ्या आधीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. पण प्लांट हेडसमोर त्या मॅडम स्वतः म्हणाल्या, "हा आकडा मी तपासलाय." दुसऱ्या शिफ्टची वेळ लिहिलेली नव्हती म्हणून ती धरलीच नाही.

एचआरवाली_नाशिक

अकाउंट्सने तपासलेला आकडा घेऊन आलेली इंटर्न मी अजून पाहिली नाही. बरं झालं लिहिलंस.

निखिल_डोंबिवली

माझं झालं नाही. सांगतो, कारण सगळे जमलेलंच सांगतायत. 2020 चा मार्च. गोदामात माल उचलायचा क्रम बदलून दिला होता, सुपरवायझर खूश, तोंडी होकारही दिला होता. मग लॉकडाऊन. नवी भरती बंद, तोंडी होकाराला काय अर्थ. दोन वर्षांनी कळलं की तोच क्रम अजून चालू आहे. आनंद झाला का वाईट वाटलं, अजून ठरवता येत नाही.

वैदेही_ना

अरे देवा निखिल. वाईट वाटलं वाचून. सुपरवायझरकडून चार ओळी लिहून घेतल्या होत्यास का रे, पुढच्या मुलाखतीसाठी?

निखिल_डोंबिवली

नंतर घेतल्या. त्याच उपयोगी पडल्या, आताच्या नोकरीत.

सॅमी_पुणेरी

चाकणचा विषय निघालाय तर, भाचा राहतो कुठे? मी शोधतोय, कंपनीची बस जवळ येईल अशी खोली. डबा घरचा मिळाला तर उत्तमच.

मृदुला_चिंचवड

आमच्याकडेच राहतो, सॅमी. डबा माझ्याच हातचा, त्यामुळे शिफारस करता येत नाही.

देशपांडे_काका

मृदुला, एक राहिलं. तू रकाना शिकवलास, सेटरला बारा मिनिटं शिकवलीस, कागदही काकांच्याच हातचा. मग तुझी गरज काय उरली? तरी घेतलं?

मृदुला_चिंचवड

प्लांट हेडनी हेच विचारलं, "तू गेल्यावर कोण बघणार?" मी म्हटलं काका बघतात, मी नसले तरी चालतं, आणि त्यांना कागद दाखवला. ते उठून लाइनवर गेले, काकांना विचारलं, काकांनी सगळं नीट सांगितलं. परत येऊन म्हणाले, शेजारच्या लाइनवर अशीच चार मशीन आहेत. त्या कामासाठी माझं नाव मागणीत गेलं. पत्र 11 जुलैला आलं, जीईटी म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून. मधले अकरा दिवस घरी बसून काढले, ते मात्र फार वाईट गेले.

वैदेही_ना

आणि भाच्याचं काय ठरलं?

मृदुला_चिंचवड

संध्याकाळी परत फोन आला. त्यांच्याकडे रिजेक्शनचा कागद सुपरवायझर शिफ्ट संपल्यावर एकदम भरतात, आठवून. उद्या पहिल्या शिफ्टला तो मशीनपाशी जाऊन बसणार आहे. घड्याळ आणि एक कोरी वही घेऊन ठेवलीय त्याने.