शब्दचर्चा: ‘मॉड्युलर इन्व्हर्स’ला मराठीत काय म्हणावं?

फलकवाली
कोथरूडच्या एका शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी पब्लिक की एन्क्रिप्शनचा फलक मराठीत करतेय. नववी-दहावीची मुलं कागदावर करतील एवढेच आकडे घेतलेत. मूळ संख्या ५ आणि ११, त्यांचा गुणाकार ५५. जाहीर किल्ली ३, खासगी किल्ली २७. अडलंय ते या वाक्यावर: ‘२७ हा ३ चा मॉड्युलर इन्व्हर्स आहे.’ पाठ्यपुस्तकात ‘गुणाकार व्यस्त’ आहे, पण तिथे ३ चा गुणाकार व्यस्त १/३ असतो. मुलं २७ कडे बघून म्हणणार, हा कुठून आला?

सदाशिव_३०
शब्द आहे की, कशाला नवा शोधता? ज्यानं गुणल्यावर १ येतो तो गुणाकार व्यस्त. इथे १ ऐवजी ‘बाकी १’ एवढाच फरक. पण तुमचा आकडा चुकलाय. सगळं गणित ५५ च्या बाकीत चाललंय ना? मग ३ × ३७ = १११, ५५ दुणे ११० वजा केले की बाकी १. खासगी किल्ली ३७ हवी. २७ ने गुणलं तर ८१, बाकी २६. छापण्याआधी तपासत जा.

अनामिक
‘व्यस्त’ नको. हल्ली पोरांना त्याचा अर्थ ‘बिझी’ एवढाच कळतो. ‘३ चा व्यस्त’ वाचून विचारतील, ३ कशात व्यस्त आहे?

बाकीशून्य
@अनामिक, ती हिंदीची उसनवारी. बिझीला आपल्याकडे ‘कामात’, ‘गुंतलेला’ असे शब्द आहेत. गणितातला व्यस्त, म्हणजे उलटा, आठवीच्या ‘व्यस्त चलना’त मुलांना भेटलेला असतो. तो राहू द्या.

@सदाशिव_३०, शब्दाबद्दल तुमचं बरोबर, आकड्याबद्दल नाही. मात्र ही चूक इतके जण करतात की फलकावर ती मुद्दाम दाखवावी. ८ हा निरोप पाठवून बघू. जाहीर किल्ली ३, म्हणून ८ चा घन ५१२. ५५ नव्वे ४९५ काढले की बाकी १७. हा १७ तारेवरून गेला. आता तो उघडायचा.

२७ वा घात एकदम काढायचा नाही. वर्ग करत जायचं आणि दर पायरीला ५५ ची बाकी घ्यायची. १७ चा वर्ग २८९, बाकी १४. १४ चा वर्ग १९६, बाकी ३१ (हा चौथा घात). ३१ चा वर्ग ९६१, बाकी २६ (आठवा). २६ चा वर्ग ६७६, बाकी १६ (सोळावा). २७ म्हणजे १६ + ८ + २ + १, म्हणून त्या त्या बाक्यांचा गुणाकार करायचा: १६ × २६ ची बाकी ३१, त्याला १४ ने गुणून ४९, त्याला १७ ने गुणून ८३३ आणि बाकी ८. निरोप परत आला.

तुमच्या ३७ साठी ३२ वा घात लागेल: १६ चा वर्ग २५६, बाकी ३६. ३७ = ३२ + ४ + १, म्हणून ३६ × ३१ ची बाकी १६, त्याला १७ ने गुणून २७२, बाकी ५२. पाठवला ८, मिळाला ५२.

सदाशिव_३०
बाकी ५५ ची आणि व्यस्त मात्र दुसऱ्याच कशाचा, हे पटत नाही. कारण सांगा, नुसतं गणित नको.

बाकीशून्य
कारण ३ आणि २७ हे निरोपाला गुणत नाहीत, ते त्याच्या डोक्यावर घात म्हणून बसतात. निरोप फिरतो ५५ च्या घड्याळावर, घातांक फिरतात वेगळ्याच घड्याळावर. २ च्या घातांचे एकक स्थानचे अंक मुलांना पाठ असतात: २, ४, ८, ६, पुन्हा २, ४, ८, ६. अंक दहाच्या बाकीत, पण चक्र चारचं. इथेही तसंच. ५ च्या बाकीत शून्य सोडून कोणत्याही संख्येचे घात ४ पावलांत जागेवर येतात, ११ च्या बाकीत १० पावलांत. त्यांचा गुणाकार ४ × १० = ४०. ४० पावलांनी दोन्ही चक्रं नक्की जुळलेली असतात. म्हणून ३ चा व्यस्त ४० च्या बाकीत काढायचा: ३ × २७ = ८१ = २ × ४० + १. दोन पूर्ण फेऱ्या आणि एक पाऊल. ते एक पाऊल म्हणजेच मूळ निरोप.

म्हणून माझ्या मते वादाचा मुद्दा ‘व्यस्त’ हा शब्द नाहीच. नुसतं ‘३ चा व्यस्त’ म्हणणं अर्धवट आहे, खरा दोष तिथे. ‘४० च्या बाकीत ३ चा व्यस्त २७’ असं पूर्ण लिहा.

पाटीपुसणी
‘४० च्या बाकीत’ कानाला विचित्र लागतं. ‘मापांक ४०’ लिहिलं तर?

बाकीशून्य
मापांक म्हटलं की मापायचं काहीतरी असेल असं वाटतं. ‘बाकी’ चौथीपासून तोंडात आहे. पण ही माझी आवड झाली, नियम नव्हे.

लीलावतीप्रेमी
एवढी चर्चा झाली आणि आपलाच शब्द कुणाला आठवला नाही! कुट्टक. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये सांगितलेली रीत, लीलावतीत तर तिचं स्वतंत्र प्रकरण आहे. ‘२७ हा ३ चा कुट्टक’ म्हणा, संपला विषय. आणि एन्क्रिप्शनला कूटबद्ध म्हणतोच, म्हणजे दोन्ही एकाच कुळातले.

बाकीशून्य
कुट्टक आठवलात ते उत्तम, पण कुट्टक ही रीत आहे, उत्तर नव्हे. एका संख्येच्या पटीतून दुसरीची पट वजा करून ठरलेला फरक कसा आणायचा, ते कुट्टक सांगतो. ३ × किती − ४० × किती = १, हा नेमका तोच प्रश्न. मोठ्या संख्या कुटून कुटून लहान करायच्या, म्हणून ते नाव. इथे एकाच घावात काम होतं: ४० = १३ × ३ + १. म्हणजे १ = ४० − १३ × ३, आणि ३ चा व्यस्त उणे १३. ऋण घातांक नको म्हणून ४० मिळवायचे: २७. मुलं इथे सवयीनं ५५ मिळवतात आणि ४२ लिहितात. ३ × ४२ = १२६, ४० ने भागून बाकी ६. १ आली नाही की चूक तिथल्या तिथे कळते.

म्हणून ‘कुट्टकानं काढलेला व्यस्त’ म्हणा. आणि कूटबद्धातला कूट म्हणजे गूढ, कोडं. कुट्टकाचं नातं कुटण्याशी, म्हणजे दाण्याच्या कुटाशी. कुळं वेगळी आहेत.

घातकी_गणित
माझं उत्तर २७ नाही, ७ येतंय. आणि ७ नंही ८ परत मिळतो! चौथा घात ३१, दुसरा १४, त्यांच्या गुणाकाराची बाकी ४९, त्याला १७ ने गुणून ८. म्हणजे फलक चुकीचा? शिवाय स्प्रेडशीटमध्ये `=MOD(17^27,55)` टाकलं तर एररच येते.

बाकीशून्य
दोन्ही बरोबर. ४ आणि १० ही चक्रं जुळायला ४० पावलं लागतातच असं नाही, लसावि २० पुरतो. २० च्या बाकीत ३ × ७ = २१, बाकी १. त्या घड्याळावर ७, २७, ४७ एकाच घरात बसतात, म्हणून तिन्हींनी निरोप उघडतो. ही पद्धत मांडणाऱ्या रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांच्या १९७८ च्या लेखात गुणाकार घेतला होता. आजची मानकं लसावि घेतात. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन खासगी किल्ल्या दिसल्या तर लगेच छपाईची चूक समजू नका.

स्प्रेडशीटचं दुखणं वेगळं. १७ चा २७ वा घात ३४ आकडी आहे आणि स्प्रेडशीट साधारण १५ आकडेच नेमके धरते. आधी पूर्ण घात आणि मग बाकी, हा क्रमच चुकीचा. पायथॉन ३.८ पासून हे सरळ होतं:

```
pow(3, -1, 40)    # 27
pow(17, 27, 55)   # 8
pow(5, -1, 40)    # ValueError
```

फलकवाली
शेवटची ओळ का अडते? मुलांना जाहीर किल्ली स्वतः निवडू द्यायची होती. ५ तर कुणीतरी घेणारच.

बाकीशून्य
५ आणि ४० चा मसावि ५. पाचाची कुठलीही पट ४० ने भागली तर बाकी ०, ५, १० अशीच येणार, १ कधीच नाही. दोन्ही संख्या सहमूळ असतील तरच व्यस्त असतो. हे मुलांना पोकळ नियमासारखं सांगू नका, नुकसान दाखवा. जाहीर किल्ली ५ घेऊन २ पाठवला तर ३२ जातो. ७ पाठवा, १६८०७ ची बाकी पुन्हा ३२. १७, ३२ आणि ५२ पाठवले तरी ३२. पाच वेगवेगळ्या निरोपांचं पाकीट एकच, मग उघडणाऱ्यानं कोणता वाचायचा? कुलूप लागतं, पण त्याला किल्लीच नसते. ३, ७, ९, ११ यांपैकी काही घ्या.

अजून एक: निरोप ५५ पेक्षा लहान हवा. कुणी ६० पाठवला तर परत ५ येईल, आणि सगळे गुणाकार तपासूनही चूक सापडणार नाही.

सदाशिव_३०
३७ मागे घेतो. पण मग ४० सुद्धा गुप्त ठेवायला हवा की नाही? तुम्ही तर तो फलकावर लिहिताय.

बाकीशून्य
हवाच. ४० कळला की मूळ संख्याही कळल्या: ५५ − ४० + १ = १६, म्हणजे दोघींची बेरीज १६ आणि गुणाकार ५५. ५ आणि ११ तोंडी निघतात. ५५ चे अवयव तसेही कुणीही पाडेल, म्हणून फलकावर चालतं. खऱ्या किल्लीत ५५ च्या जागी ६१७ आकडी संख्या असते, तिथे ही वजाबाकी करायला ४० च्या जागचा आकडाच हाती लागत नाही.

फलकवाली
मजकूर असा करते: ‘४० च्या बाकीत ३ चा व्यस्त २७ (कुट्टकाने).’ शेजारी ५५ चं आणि ४० चं अशी दोन घड्याळं. २० चं तिसरं काढलं तर गोंधळ होईल का?

घातकी_गणित
काढाच. ७ घेऊन येणारं पोर असतंच.

पाटीपुसणी
दोनच पुरेत. आणि मी अजूनही ‘मापांक’च म्हणेन.