सात वर्षांच्या भाडेकरूला भाडेवाढीचं पत्र: २१ हजारांवरून २६ हजार मागणं रास्त आहे का?

कोथरूडकर
पुण्यातला जुना टू बीएचके भाड्याने दिलाय. माणूस चांगला, भाडं कधी थकवलं नाही. त्याला उद्या द्यायच्या पत्राचा मसुदा खाली देतोय. परखड मत सांगा.

> सप्रेम नमस्कार. आपला २४ महिन्यांचा करार संपून १४ महिने झाले. भाडे तीन वर्षांपासून २१,००० आहे. सोसायटीचा मेंटेनन्स २,४०० वरून ३,३०० झाला, घरपट्टी वाढली, माझ्या दुसऱ्या घराचा हप्ताही वाढला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये २७,००० चालू आहे. तरी पुढील १ तारखेपासून भाडे २६,००० व डिपॉझिट ८०,००० वरून १ लाख करून नवा करार करावा. मान्य नसल्यास महिनाअखेर जागा सोडावी, अन्यथा कायद्याप्रमाणे दुप्पट भाडे आकारले जाईल.

मिलिंद_स
बाजारभाव २७ आणि तुम्ही २६ मागताय, मग पत्रात एवढी कारणं कशाला? घर तुमचं आहे. मी तर सरळ २७ लिहिलं असतं.

वसुधा
तुमच्या दुसऱ्या घराच्या हप्त्याशी त्या माणसाचा काय संबंध? ते वाक्य आधी काढा. बाकी वाढ बेकायदाच आहे. महाराष्ट्रात वर्षाला ४ टक्क्यांच्या वर भाडं वाढवता येत नाही.

गच्चीवरचा
अहो, घाबरू नका, मालकाला असं महिन्याभरात बाहेर काढता येत नाही. भाडं बँकेतूनच भरत राहा.

कोथरूडकर
गच्चीवरचे, मालक मीच आहे हो!

थंबवाला
भाडेकरार नोंदवून देणं हा माझा धंदा आहे, थंबचं मशीन घेऊन घरोघर हिंडतो. वसुधाताई, ४ टक्के आहे, पण ते पागडीतल्या जुन्या भाडेकरूंना. लीव्ह अँड लायसन्सला करारात लिहाल तो आकडा.

पण काका, तुमची अडचण भाडं नाहीच, पत्राचं पहिलं वाक्य आहे. १४ महिने नोंदवलेला कागद नाही, हे तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून देताय. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. तो नसेल, तर कुठल्या अटींवर राहतो याबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलटं सिद्ध करायचं तुम्ही. वर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. दुप्पट भाड्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे खरी, पण मुदत संपल्यावरही तुम्ही दरमहा २१ हजार मुकाट घेतलेत. आता दुप्पटची धमकी दिलीत, तर त्याचा वकील तुमचंच पत्र पुढे करेल.

मिलिंद_स
११ महिन्यांचा करार करा ना, नोंदणीची भानगडच नाही.

थंबवाला
साहेब, महाराष्ट्रात ११ महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. आणि खर्च असा किती? २५ हजार धरून दोन वर्षांचं भाडं ६ लाख. १ लाख डिपॉझिटवर १० टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज २० हजार. एकूण ६ लाख २० हजारांवर पाव टक्का, म्हणजे साधारण साडेपंधराशे मुद्रांक. शहरात नोंदणी फी हजार, माझी मजुरी वेगळी.

वसुधा
४ टक्क्यांचं कळलं. तरी एकदम २४ टक्के वाढ म्हणजे तीन वर्षं झोपून राहिल्याची वसुली आहे. दरवर्षी ५ टक्के वाढवलं असतंत, तर आज २४,३१० झाले असते. तो आकडा त्याला पटेल. २६ वर अडून बसलात, तर वर्षाला वीस हजार जास्त मिळतील, पण तो गेला तर एक महिना जागा रिकामी, एजंटला एका महिन्याचं भाडं, शिवाय रंगकाम. सगळं त्यातच जाईल, उलट पदरचे घालाल.

मिलिंद_स
पहिल्या वर्षी जाईल, दुसऱ्या वर्षी मिळेल की! शिवाय तो सात वर्षांत कुठे गेला? मुलांची शाळा जवळ असेल तर २६ मुकाट्याने देईल.

वसुधा
म्हणजे शाळा जवळ आहे म्हणून त्याला अडवायचं?

कोथरूडकर
हप्ता आणि दुप्पट भाडं, दोन्ही वाक्यं काढतो. करार संपल्याचंही पत्रात नको, आधी भेटून बोलतो. २४,५०० आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ करारातच लिहू. डिपॉझिट मात्र १ लाखच हवं, मागच्या वेळी बाथरूमच्या गळतीत माझे तीस हजार गेले.

थंबवाला
गळती पाइपची असेल तर ती डिपॉझिटमधून कापता येणार नाही काका, ते मालकाचं काम. करारात दुरुस्ती कोणाची हे कलम नीट लिहून घ्या.

मिलिंद_स
२४,५०० म्हणजे शेजारच्यापेक्षा वर्षाला तीस हजार कमी. सात वर्षं वेळेवर भाडं दिलं, हे काय उपकार झाले?

वसुधा
वेळेवर न देणारा एकदा ठेवून बघा, मग बोलू.